पिवळा म्हणजे पिकलेला नव्हे

सध्या प्रत्येक नाक्यावर आंब्याच्या गाड्या लागल्यात आणि प्रत्येक गाडीवर एकच संवाद ऐकू येतो. गिऱ्हाईक विचारतं, "केमिकलचा नाही ना?" गाडीवाला म्हणतो, "नाही हो, पेंढ्यातला आहे." गिऱ्हाईक मान डोलावतं, दोन-चार आंबे अंगठ्याने दाबून बघतं आणि पैसे देतं. आता मला सांगा, या प्रश्नाचं "हो, केमिकलचा आहे" असं उत्तर आजवर कुणाला मिळालंय का? मग तो विचारायचा कशाला?

आमची राजापूर तालुक्यात थोडी कलमं आहेत, पस्तीसेक. राहतो मात्र डोंबिवलीत. त्यामुळे आंबा झाडावर असतानाही बघतो आणि स्टेशनबाहेरच्या गाडीवर पोचल्यावरही बघतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय. आंबा कशाने पिकवला याच्या आधीचा एक प्रश्न आहे: तो झाडावरून उतरवला तेव्हा तयार होता का? याचं उत्तर गाडीवाल्याने नाही दिलं तरी आंबा स्वतः देतो.

आमच्याकडे आंबा "चौदा आणे तयार" झाला की काढतात. सोळा आणे म्हणजे झाडावर पूर्ण पिकलेला. तो मुंबईला पोचेपर्यंत पाणी होईल. बारा आण्याचा काढला तर तो कोवळा. चौदा आण्याच्या आंब्याला आम्ही जून आंबा म्हणतो. तो हिरवाच असतो, कडकही असतो, पण त्याच्या आत पिष्ट पुरेसं भरलेलं असतं. पुढे त्या पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो, वास तयार होतो आणि सालीचा हिरवा रंग जातो. ही चार कामं एकाच वेळी संपत नाहीत, प्रत्येकाची आपली चाल असते. आणि महत्त्वाचं म्हणजे आंबा आतून बाहेर पिकतो. गर आधी बाठ्याजवळ पिवळा होतो, मग हळूहळू सालीकडे सरकतो. साल पूर्ण रंगायला सगळ्यात शेवटी येते. म्हणूनच पेंढ्यात आढी लावलेला हापूस बाहेरून हिरवट-पिवळा दिसतो आणि कापला की आत केशरी निघतो.

कोवळ्या आंब्याच्या आत मुळात मालच कमी असतो. साखर व्हायला पिष्ट नाही, तर ती येणार कुठून? असा आंबा पेंढ्यात ठेवला तर तो नीट पिकत नाही, सुकतो, सुरकुततो. व्यापाऱ्याला तो खपवायचा असतो. मग लागते पुडी.

पुडी म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. करडे खडे असतात, गॅस वेल्डिंगवाले वापरतात तेच. कागदात बांधून पेटीत ठेवायचे. आंब्याचा आणि हवेचा ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि उष्णताही निघते. आंबा पिकताना स्वतः इथिलीन नावाचा वायू सोडतो, ॲसिटिलीन त्याची नक्कल करतो. पण ही नक्कल कच्ची असते. सालीचा हिरवा रंग भराभर उडतो आणि आतली कामं मागे राहतात. म्हणजे निसर्गात जे शेवटी व्हायचं ते आधी होतं. बाहेर सोनं, आत लोणच्याची कैरी.

वर बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, ते फळावर येऊ शकतात. म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. आजची नाही, जुनी आहे, आणि २०११च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती कायम ठेवलेली आहे. खाणाऱ्याच्याही आधी याचा त्रास होतो तो उघड्या हाताने पुड्या बांधणाऱ्या आणि पेट्या उघडणाऱ्या हमालांना. त्यांचे डोळे चुरचुरतात, कातडी भाजते. त्यांच्याबद्दल मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

आता गेल्या वर्षीचा एक अनुभव सांगतो, म्हणजे हे सगळं गाडीवर कसं ओळखायचं ते कळेल.

२०२५ची अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. २५ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, मी आणि शेजारच्या वहिनी एकत्रच आंबे घ्यायला गेलो. त्यांचे जावई दुसऱ्या दिवशी जेवायला येणार होते, त्यांना लगेच खायचे आंबे हवे होते. मला तृतीयेच्या नैवेद्याला हवे होते.

पहिल्या गाडीवर दोन पेट्या उघड्या होत्या. सगळे आंबे एकसारखे लिंबासारखे पिवळे, जणू एकाच डब्यातला रंग दिलाय. ६०० रुपये डझन. मी आधी हात लावला नाही, नुसती पेटी बघितली, कारण एक आंबा खोटं बोलू शकतो पण पाच डझन आंबे एका सुरात खोटं बोलले की लगेच कळतं. एका झाडावरचे आंबेसुद्धा एका दिवशी तयार होत नाहीत. आढीतून काढलेल्या पेटीत कुणी पिवळा, कुणी हिरवट, कुणी देठाशी हिरवा आणि टोकाला पिवळा असाच असणार.

मग एक आंबा उचलला. रंग पूर्ण पिवळा, पण हाताला दगड. तळव्यात धरून हलका दाब दिला तरी काही लवचीकपणा नाही. देठाजवळ नाक नेलं तर वास जवळजवळ नाहीच. पिकलेला हापूस देठाशी वास लपवू शकत नाही. पूर्ण रंग, कडक अंग आणि वास नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी पुढच्या गाडीकडे जातो. यातली एकटी कुठलीही गोष्ट पुरावा नाही, हेही लक्षात ठेवा. वास कमी असणं सर्दीनेही होतं.

आणखी एक बघितलं, आंब्याचे खांदे. देठाच्या दोन्ही बाजूंचा भाग वर आलेला, भरलेला असेल आणि देठ किंचित खळग्यात बसलेला असेल तर आंबा जून. खांदे उतरते असतील, देठ टोकावर बसल्यासारखा दिसत असेल आणि गाल चपटे असतील तर आंबा कोवळा काढलाय. हे लक्षण पिकवण्याच्या कुठल्याही पद्धतीने बदलत नाही, कारण खांदे झाडावरच भरतात. नंतर पुडी घाला, वायू सोडा नाहीतर मंत्र म्हणा. त्या पेटीतल्या बहुतेक आंब्यांचे खांदे उतरते होते.

वहिनींना उशीर होत होता. त्यांनी तिथलेच अर्धा डझन घेतले, ३०० रुपयांचे.

दुसरी गाडी पुढे पुलाखाली होती. तिथल्या पेटीत पेंढा होता, पण पेंढ्याचं मी फार मनावर घेत नाही, तो कुठेही मिळतो. आंबे मिश्र रंगाचे होते. ७५० रुपये डझन. मी म्हटलं, "बाबा, मला पिकलेले नकोत. बुधवारी खायचेत. हिरवे, खांदे भरलेले दे." पोरगं क्षणभर बघत राहिलं. म्हणालं, "काका, कच्चे मागणारं गिऱ्हाईक दिवसातून एखादं येतं. कच्चे घेणार असाल तर ७००ला देतो, मला सांभाळायला नको." त्याने गाडीखालची दुसरी पेटी काढली आणि मी निवडून डझन घेतले. निवडताना फक्त खांदे बघितले, देठाशी काळा डाग आणि चिकाने भाजलेले चट्टे नाहीत ना ते बघितलं आणि हिरवेपणीच सुरकुतलेला आंबा बाजूला काढला. पिवळ्या, मऊ हापूसवर बारीक सुरकुत्या आल्या तर तो उलट गोड लागतो. हिरवा असताना सुरकुतला तर तो कोवळा.

शनिवारी वहिनींनी आंबे कापले आणि मला बोलावून दाखवले. साल पिवळीधमक. सालीजवळचा गर पिवळट, आणि बाठ्याकडे जावं तसा फिका, बाठ्याला चिकटलेला भाग तर पांढुरका आणि करकरीत. आंबा आतून बाहेर पिकतो हे आठवा, म्हणजे हे चित्र किती उलटं आहे ते कळेल. चव आंबट, मागे तुरट. सहापैकी चार असेच निघाले. त्यांचा रस काढून भरपूर साखर घालावी लागली. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेला आंबा तसा स्वस्त पडलाच नाही.

त्यात कार्बाइडच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही. कापलेल्या आंब्यावरून एवढंच सांगता येतं की तो कोवळा काढला होता आणि जबरदस्तीने रंगवला होता. कशाने, ते घरी बसून सिद्ध होत नाही. कधीकधी पेटीच्या तळाशी पुडीचा कागद सापडतो, आंब्यावर करडी-पांढरी भुकटी दिसते किंवा पेटी उघडल्यावर लसणासारखा उग्र वास येतो. असं काही दिसलं तर मात्र विषय संपला, तो आंबा घेऊच नका.

इथे त्या पाण्याच्या फॉरवर्डबद्दल बोलायलाच हवं. "बादलीत टाका, तरंगला तर केमिकलचा, बुडला तर नैसर्गिक." परीक्षा खरी आहे, पण अर्थ चुकीचा लावलाय. जून आंबा पाण्यापेक्षा किंचित जड असतो म्हणून बुडतो, कोवळा तरंगतो. म्हणजे पाणी तुम्हाला फळ तयार होतं की नव्हतं एवढंच सांगतं. चांगला जून आंबा कार्बाइडमध्ये ठेवला तरी बुडणारच, आणि कोवळा आंबा नुसत्या पेंढ्यात ठेवला तरी तरंगणारच. तरंगणाऱ्या आंब्याला रंगवायची गरज जास्त पडते, इतकाच काय तो संबंध. शिवाय गाडीवर बादली नसते. खांदे बघायला बादली लागत नाही.

तसंच लाल रंगाचं. दक्षिणेकडून येणाऱ्या लालबागच्या गालावरची लाली ही त्या जातीची आहे, पिकल्याची खूण नाही. उलट लंगडा पूर्ण पिकला तरी हिरवाच राहतो. म्हणजे रंगावर विसंबलात तर दोन्हीकडून फसाल.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज. "कृत्रिम पिकवलेला" म्हणजे विषारी, असं आपण धरून चाललोय. तसं नाही. २०१६मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फळं पिकवायला इथिलीन वायू वापरायची परवानगी दिली, हवेत १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग. रायपनिंग चेंबर म्हणतात ते हेच. बंद थंड खोली, मोजून सोडलेला इथिलीन, साधारण एक-दोन दिवस, मग फळ बाहेर काढून त्याचं त्याला पिकू द्यायचं. हा तोच वायू आहे जो आंबा स्वतः सोडतो. आढीत आंबे पेंढ्याखाली दाटीने ठेवतात तेही तो वायू आणि ऊब कोंडून राहावी म्हणूनच. चेंबरमध्ये सगळे आंबे एकाच वेळी सुरू होतात म्हणून रंग बराच एकसारखा येतो. त्यामुळे एकसारखी पेटी दिसली की लगेच आरोप करू नका, हाताने आणि नाकाने खात्री करा. जून आंबा चेंबरमध्ये पिकवला तर तो मऊही होतो आणि त्याला वासही येतो. कोवळा आंबा चेंबरमध्येही कोवळाच राहतो.

याच्या अधलीमधली पळवाट म्हणजे इथेफॉन. त्यातूनही इथिलीनच निघतो. त्याची बंद पाकिटं फळाला स्पर्श न होता वापरायला मुभा आहे, पण पाण्यात कालवून आंबे त्यात बुडवायला किंवा वर फवारायला नाही. हे नजरेला ओळखू येत नाही, वासालाही नाही. इथे आपली गाडीवरची हुशारी संपते आणि सरकारी तपासणीचं काम सुरू होतं.

त्या तपासणीचीही गंमत बघा. वायू उडून जातो, त्यामुळे चार दिवसांनी गाडीवरच्या आंब्यातून काही सिद्ध करणं अवघड. म्हणून मे २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने राज्यांना कळवलं की गोदामात किंवा फळांच्या पेट्यांजवळ कार्बाइड सापडलं तरी तो परिस्थितीजन्य पुरावा मानून खटला भरता येईल. हे बरोबर ठिकाणी बोट ठेवणं आहे, कारण आंबा पिकवला जातो तो गोदामात, गाडीवर नाही. गाडीवाला पहाटे घाऊक बाजारातून चार-पाच पेट्या उचलतो. त्याच्याकडे आढी लावायला जागा नाही आणि आठ दिवस माल धरून ठेवायला भांडवल नाही. त्याची गाडी जप्त केल्याचा फोटो पेपरात येतो आणि गोदामाचं शटर तसंच अर्ध्यावर राहतं. तुम्हाला पेटीत पुडी मिळाली तर गाडीवाल्याशी भांडण्यापेक्षा पुडीचा, पेटीचा आणि पेटीवरच्या छापाचा फोटो काढा, माल कुठून उचलला ते त्याला विचारा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. छाप आणि बाजाराचं नाव असेल तर तक्रारीला पत्ता मिळतो. नुसतं "आमच्या नाक्यावर केमिकलचे आंबे विकतात" असं लिहिलं तर ती फाइल होते, तपास होत नाही.

आणि थोडं आपल्याकडेही. आपल्याला आंबा आज घेऊन आजच खायचा असतो, तोही पिवळाधमक. हिरवट आंबा समोर ठेवला की आपण पुढच्या गाडीवर जातो. घाऊक बाजाराला हे बरोबर ठाऊक आहे. सणाच्या आधीच्या दोन दिवसांत एकदम सगळ्यांना पिवळा माल लागतो, तेव्हा झाडावरचे आंबे काही पंचांग बघून तयार होत नाहीत. मग बारा आण्याचा आंबा उतरवला जातो आणि पुडी त्याला सोळा आणे दाखवते.

माझ्या त्या डझनाचं काय झालं ते सांगतो. घरी आणल्यावर धुतले नाहीत, ओल राहिली की देठाकडून कुजतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरून एकच थर लावला, एकमेकांना फार चिकटू दिले नाहीत, वर पुन्हा कागद. पेंढा असेल तर उत्तम, नसेल तर कागद चालतो. खोका पलंगाखाली, उन्हापासून लांब. फ्रिजमध्ये कच्चा आंबा ठेवायचाच नाही, थंडीने त्याचं पिकणं बिघडतं आणि साल काळवंडते. रोज रात्री एकदा खोका उघडून पालटायचे आणि खराब होणारा असेल तो काढायचा. तिसऱ्या दिवशी खोलीत वास सुटला. एक आंबा देठाशी कुजायला लागला, तो कापून चांगला भाग चटणीला वापरला. बुधवारी सकाळी आठ आंबे तयार होते. ते अर्धा तास पाण्यात ठेवले, म्हणजे चीक आणि धूळ निघते. उरलेले तीन शुक्रवारपर्यंत पिकले.

त्या अकरांतल्या एकात साका निघाला, गरात पांढरट, फोपशी गाठ. तो हापूसचा जन्मजात दोष आहे. बाहेरून दिसत नाही, खांद्यांवरून कळत नाही, गाडीवाल्यालाही माहीत नसतो. त्याच्याशी भांडायला जाऊ नका. बाकीचे दहा कापल्यावर बाठ्यापर्यंत केशरी होते. वहिनींना चार पाठवले.

यंदा त्या पुलाखालच्या पोराकडे आमच्या बिल्डिंगमधल्या पाच घरांनी सणाच्या सहा दिवस आधी हिरवे, खांदे भरलेले आंबे सांगून ठेवलेत. त्यालाही बरं पडतं, माल सडायच्या आत सुटतो. आणि "केमिकलचा नाही ना?" हे त्याला आता आमच्यापैकी कुणी विचारत नाही. आम्ही विचारतो, "उतरवलेला कधीचा आहे? खांदे दाखव."